साध्या मोबाईल फोटोचा प्रोफेशनल हेडशॉट: काही महिने वापरून आलेला अनुभव

काही महिने झाले, घरच्यांचे आणि ऑफिसातल्या लोकांचे साधे मोबाईल फोटो घेऊन एआय इमेज एडिटरवर त्यांचे हेडशॉट करून देतोय. बॅकग्राउंड, ब्लेझर, कॉलर हे सगळं आता खरंच छान जमतं. अवघड आहे ते एकच, फोटोतला माणूस तोच वाटला पाहिजे. भाऊ वाटतो, चुलतभाऊ वाटतो, पण तो स्वतः वाटत नाही, असे फोटो ही टूल्स भरपूर काढतात.

याचं मोठं कारण म्हणजे उजेड, आणि ते कुणी फारसं सांगत नाही. मूळ फोटोत उजेड डावीकडून येत असेल आणि तुम्ही लिहिलं की उजवीकडून स्टुडिओ लाईट दे, तर टूलला नाकाची सावली, गालाचं हाड, डोळ्याखालचा खड्डा सगळं नव्याने काढावं लागतं, आणि आपण माणूस ओळखतो तो बराचसा याच उंचसखल भागांवरून, त्यामुळे चेहरा तिथेच बदलतो. म्हणून मी उजेड फोटो काढतानाच नीट घेतो. खिडकीच्या बाजूला उभं करायचं, थेट ऊन नको, घरातले दिवे बंद, आणि ब्युटी मोड आठवणीने बंद कारण तो त्वचेचे बारकावे आधीच पुसून टाकतो. सेल्फी तर नकोच. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, ते टूल कधी तसंच ठेवतं तर कधी अंदाजाने सुधारतं, आणि तो अंदाज दुसऱ्याच कुणाच्या तरी चेहऱ्याचा असतो. दुसऱ्याला दीड-दोन मीटरवरून मागच्या कॅमेऱ्याने २x झूमवर काढायला सांगा.

मावसभावाचं उदाहरण सांगतो. चष्मा, डाव्या भुवईत जुनी खूण, उजव्या गालावर तीळ, अंगात टी-शर्ट आणि मागे कपाट. मी लिहिलं ते एवढंच: "चेहरा, केस, चष्मा, त्वचेचा रंग आणि पोत जसाच्या तसा ठेव. मागे साधी राखाडी पार्श्वभूमी. टी-शर्टऐवजी पांढरा शर्ट आणि गडद निळा ब्लेझर. उजेड मूळ फोटोत आहे त्याच बाजूने." चेहऱ्याचं वर्णन मुद्दाम टाळलं. "रुबाबदार, आत्मविश्वास असलेला तरुण" असं काही लिहिलं की टूल त्या शब्दांना शोभेल असा चेहरा आणून बसवतं.

पहिल्या नजरेला फोटो झकास होता. पण मी मूळ फोटो आणि नवा फोटो लेयरच्या अॅपमध्ये एकावर एक ठेवतो, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या जुळवतो आणि वरचा लेयर चालू-बंद करत बघतो. काही हललं असेल तर ते लगेच उडी मारल्यासारखं दिसतं. इथे तीळ शाबूत होता, पण भुवईतली खूण गायब, जबडा जरासा अरुंद आणि रंग एक छटा उजळ. हे रंग उजळवणं मला मनापासून खटकतं, कुणी मागितलेलं नसताना माणसाचा रंग बदलायचा अधिकार टूलला नाही, आणि ओळखही तिथेच पातळ होते.

आता इथे बरेच जण त्याच नव्या फोटोवर परत सांगतात, जबडा ठीक कर, मग रंग ठीक कर, आणि दर फेरीला चेहरा आणखी थोडा सरकत जातो कारण टूल आता मूळ माणूस बघतच नसतं. मी दरवेळी मूळ फोटोपासूनच सुरू करतो. मावसभावाच्या बाबतीत तर अजून सरळ उपाय केला. नव्या फोटोतून फक्त बॅकग्राउंड आणि कपडे घेतले, भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा मूळ फोटोतला ठेवला, मास्कची, म्हणजे ठेवलेल्या भागाची, कड मऊ केली आणि मानेचा रंग चेहऱ्याशी जुळवला. उजेडाची दिशा एकच होती म्हणून सांधा दिसला नाही, दिशा वेगळी असती तर चेहरा वरून चिकटवल्यासारखा दिसला असता.

नंतर तो फोटो प्रोफाईलवर दिसतो तेवढा बारीक करून मावशीला दाखवला, तिने काही न विचारता त्याचं नाव घेतलं. त्याला रोज बघणाऱ्यालाच दाखवा, त्याला स्वतःला नको, कारण आपल्याला स्वतःचा चेहरा आरशातला, म्हणजे उलटा, सवयीचा असतो आणि बरोबर फोटोही चुकीचा वाटू शकतो.

चष्म्याच्या काचेत खिडकीची चमक आली असेल तर मात्र नवा फोटोच काढा. चमकेखालचा डोळा फोटोत नसतोच, टूल तो मनाने काढतं, आणि दुसऱ्या डोळ्याशी तो क्वचितच जुळतो. ग्रुप फोटोतून कापलेल्या छोट्या चेहऱ्याचंही तेच, तिथे मी सरळ नाही म्हणतो.