भिंतीवरचं प्रमाणपत्र आणि डेटाबेसमधले कार्ड नंबर

माझं घरगुती मसाल्यांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. मागच्या वर्षी एकाचा फोन आला. "मॅडम, तुमच्याकडे पीसीआय सर्टिफिकेट नाही. दंड बसेल." पीसीआय म्हणजे कार्डाची माहिती सुरक्षित ठेवण्याचे नियम. त्याची ऑफर अशी: २८,००० रुपयांत सर्टिफिकेट, वर टोकनायझेशनचं, म्हणजे कार्ड नंबरऐवजी 'टोकन' नावाचा पर्यायी कोड साठवणारं प्लगइन फुकट. मी घाबरले आणि पैसे भरले.

तोवर माझ्या साइटवर 'पैसे भरा' दाबलं की ग्राहक पेमेंट गेटवेच्या पानावर जायचा. कार्डाचा नंबर माझ्या सर्व्हरला दिसायचाच नाही. प्लगइन आल्यावर नंबर टाकायची चौकट माझ्याच पानावर दिसू लागली. मला ते देखणं वाटलं, हे कबूल करते.

दिवाळीला भाचा आला. त्याने टेस्ट कार्ड वापरून ऑर्डर टाकली, कार्ड सेव्ह केलं आणि डेटाबेसमधलं 'टोकन' उचलून एक कमांड दिली:

```
echo NDExMTExMTExMTExMTExMQ== | base64 -d
4111111111111111
```

तोच नंबर, फक्त वेगळ्या लिपीत लिहिलेला. शेजारच्या रकान्यात सीव्हीव्हीसुद्धा होता. तो तर व्यवहार मंजूर झाल्यावर एन्क्रिप्ट करूनही ठेवता येत नाही.

खऱ्या टोकनवरून कार्ड नंबर काढता येत नाही. ते कार्ड नेटवर्क किंवा बँक देते. नंबर आणि टोकनची जोडी त्यांच्याच तिजोरीत राहते आणि टोकन त्या एका दुकानापुरतंच चालतं, म्हणून चोरीला गेलं तरी दुसऱ्या दुकानात निरुपयोगी. ते बनवताना ग्राहकाची संमती आणि ओटीपी लागतो. माझ्या प्लगइनने सेव्ह करताना ओटीपी मागितलाच नव्हता, तिथेच मला शंका यायला हवी होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्ड नंबर साठवता येत नाही. ओळखीपुरते शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव चालतं.

सर्टिफिकेटचं म्हणाल, तर हे नियम बनवणारी पीसीआय परिषद दुकानदाराला असलं काही देतच नाही. ग्राहकाला पूर्णपणे गेटवेच्या पानावर पाठवणाऱ्या छोट्या दुकानाला सहसा 'एसएक्यू ए' ही स्व-तपासणीची छोटी प्रश्नावली पुरते. ती परिषदेच्या साइटवर फुकट मिळते. कार्ड नंबर सर्व्हरवर साठवला की तीच 'एसएक्यू डी' होते, कितीतरी मोठी. म्हणजे ज्या कटकटीतून मी आधीच बाहेर होते, तिच्यात शिरायला मी २८,००० मोजले!

त्याच रात्री प्लगइन काढलं, जुनं पान परत लावलं, गेटवेला कळवलं. कार्ड सेव्ह केलेल्या ४१ ग्राहकांना कार्ड बदलून घ्या म्हणून फोन केले. दोघींनी पुन्हा ऑर्डर दिली नाही, त्यांचं चुकलं नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पण त्या माणसाचा नंबर बंद आहे. डेटाबेसमधलं कार्डांचं टेबल पुसून आम्ही निवांत बसलो, तेव्हा भाच्याने विचारलं, "मावशी, होस्टिंगवाल्याकडे रोजचा बॅकअप असतो ना?" त्यात तेच नंबर पडून होते. ते पुसून घ्यायला आणखी नऊ दिवस लागले.