‘गाइड’चा शेवट: आधी पुस्तक की आधी सिनेमा?

आर. के. नारायण यांची ‘द गाइड’ ही कादंबरी १९५८ सालची आणि विजय आनंद यांचा ‘गाइड’ १९६५चा. दोन्ही एकदा तरी अनुभवायचे असं ठरवलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, आधी काय? मी आधी सिनेमा पाहिला, तोही शाळेत असताना दूरदर्शनवर. पुस्तक हातात आलं ते नोकरी लागल्यावर. हा क्रम उलटा असता तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. ते का, हे सांगायला दोन्हींच्या शेवटाकडेच जावं लागेल. (शेवट कळू द्यायचा नसेल तर इथेच थांबा.)

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तुरुंगातून सुटलेला राजू एका ओसाड देवळात आसऱ्याला बसतो, गावकरी त्याला साधू समजतात, आणि दुष्काळात एका निरोपाचा घोटाळा होऊन त्याच्यावर पावसासाठी उपास करायची पाळी येते. इथपर्यंत दोन्ही वाटा जवळजवळ एकच आहेत. फुटतात त्या उपासाच्या शेवटच्या दिवशी.

पुस्तकात त्या सकाळी सरकारी डॉक्टर त्याला तपासतात आणि उपास सोडायला सांगतात. राजू ऐकत नाही. दोघांच्या आधाराने तो नदीच्या कोरड्या पात्रात, उरलेल्या पाण्यात जाऊन उभा राहतो. ऊन वर आलेलं असतं. तो वेलन या गावकऱ्याला सांगतो की डोंगरात पाऊस पडतोय, तो मला माझ्या पायाखाली येताना जाणवतोय, आणि खाली कोसळतो. कादंबरी तिथे संपते. पाऊस आला का? राजू मेला का? लेखक काहीच सांगत नाही. माझ्याकडे ग्रंथालयाची जुनी प्रत होती. शेवटचं पान फाटलंय असं समजून मी बांधणीत बोट घालून पाहिलं होतं. पान फाटलेलं नव्हतं.

सिनेमात पाऊस येतो आणि राजू जातो. त्याआधी भगव्या वस्त्रातल्या राजूचा स्वतःशीच संवाद होतो, देहाचा आणि आत्म्याचा. बाहेर लोक भिजत नाचतात.

हा बदल निव्वळ गल्ल्यासाठी केला असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. पुस्तकातला पाऊस राजूच्या तोंडच्या एका वाक्यात आहे. कित्येक दिवस उपाशी असलेल्या माणसाचं ते वाक्य, त्याची साक्ष द्यायला दुसरं कुणी नाही. वाचणाऱ्याला दिसतं ते फक्त सांगणं, डोंगर दिसत नाही. कॅमेऱ्याला ही सोय नाही. त्याने डोंगराकडे पाहिलं की तिथे एक तर ढग असतात किंवा नसतात. पाहायचं टाळलं, फक्त चेहऱ्यावर थांबून पडदा काळा केला, तर जमलं असतं, नाही असं नाही. पण ज्या सिनेमाने इतका वेळ भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे लागलेले डोळे दाखवले, त्याला शेवटच्या मिनिटाला आभाळाकडे पाठ फिरवणं फार अवघड गेलं असतं. गाण्यातून पाऊस मागितला की प्रेक्षकाच्या मनात तो निम्मा पडलेलाच असतो.

नारायण स्वतःही या शेवटापाशी अडले होते, हे लक्षात ठेवायला हवं. आपल्या आठवणींत त्यांनी लिहिलंय की नायकाला जगवावं की मारावं हे ठरत नव्हतं, आणि इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांचं स्पष्ट मत होतं की तो मरायलाच हवा. मूळ कल्पनाही म्हैसूरकडच्या एका दुष्काळातून आली होती. तिथे कावेरीच्या कोरड्या पात्रात पावसासाठी प्रार्थना चालली होती आणि बाराव्या दिवशी पाऊस पडला होता. म्हणजे प्रत्यक्षात पडलेला पाऊस लेखकाने मुद्दाम अधांतरी ठेवला, आणि सिनेमाने तो परत खाली आणला. एवढ्यावरून सिनेमाला दोष द्यायला मी तयार नाही.

मला खटकलं ते वेगळंच, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. सिनेमात शेवटी रोझी येते, त्याची नर्तकी प्रेयसी. आईही येते. देवळात, मरणाच्या उंबरठ्यावर असलेल्या राजूपाशी त्याची जुनी माणसं जमतात. वहिदा रेहमानचा चेहरा, लीला चिटणीसांची आई. पाहताना गळा दाटून येतो, माझाही आला. पुस्तकात यातलं कुणीच येत नाही. रोझी तिकडे मद्रासला आपल्या नाचात आहे, आई केव्हाच भावाकडे निघून गेली आहे. राजूभोवती आहेत ती अनोळखी माणसं, चहावाल्या मंडळाचा मोठा स्टॉल, मलेरियावरच्या फिल्मा दाखवणारं आरोग्य खातं, आणि मुलाखत घ्यायला आलेला एक अमेरिकन. या जत्रेत राजू एकटा आहे.

हे एकटेपण का हवं? उपासाच्या चौथ्या-पाचव्या दिवसाजवळ पुस्तकात एक जागा आहे. तोवर राजूच्या डोक्यात खाण्याशिवाय काही नसतं, पहिल्या दिवशी त्याने लपवलेलं शिळंपाकं चोरून खाल्लेलंही असतं. आणि मग तो ठरवतो की करायचंच तर नीट करू. लेखक म्हणतो, पैसा आणि प्रेम यांच्या बाहेरचं काहीतरी तो आयुष्यात पहिल्यांदा मनापासून करत होता. पैसा आणि प्रेम, दोन्हींच्या बाहेर! सगळी कादंबरी या एका ओळीवर उभी आहे. आता त्या अंगणात रोझीला आणून बसवा. उपास कितीही खरा असला तरी तो तिच्यासमोरचा उपास होतो. माफी मिळण्याची, परत जवळ येण्याची वाट उघडते. राजूला बक्षीस मिळतं, आणि बक्षीस मिळालं की ते काम ‘बाहेरचं’ राहत नाही.

पण सिनेमा तिला न आणता राहिला असता का? बहुधा नाही. पुस्तकात न आलेला माणूसही शेवटच्या पानावर हजर असू शकतो, वाचणाऱ्याला आपोआप आठवतं की ती आली नाही. पडद्यावर न दिसलेला माणूस म्हणजे विसरलेला माणूस. त्याचं नसणं दाखवायलाही कुणाला तरी दारात उभं करावं लागतं. त्यातून ती नायिका, अर्धा सिनेमा तिचा. तिला शेवटाबाहेर ठेवलं तर प्रेक्षक पाऊस सोडून तिचीच वाट बघत बसेल.

सिनेमाची बाजूही सांगायला हवी. गर्दी त्याने पुस्तकापेक्षा चांगली पकडली आहे. श्रद्धेचा दाब एका माणसावर कसा चढत जातो हे गजानन जागीरदारांच्या भोलाकडे (पुस्तकातला वेलन) पाहून जितकं कळतं, तितकं मला वाचताना कळलं नव्हतं. आणि सचिनदांच्या आवाजातलं सुरुवातीचं गाणं कुठल्या पानात मावणार?

तरी कुणी विचारलंच तर मी सांगेन, आधी पुस्तक. ते संपल्यावर निदान आठवडाभर सिनेमाला हात लावू नका. मी उलट केल्यामुळे नदीत उभ्या राजूचं ते वाक्य पहिल्यांदा वाचलं, तेव्हा माझ्या कानात पाऊस आधीच वाजत होता. तो बंद करून कोरड्या नदीत उभं राहायला मला पुढची दोन वाचनं लागली.