स्कॅन केलेल्या फॉर्मवर फील्ड टाकायची आहेत: अ‍ॅक्रोबॅट प्रो घ्यायचं की लिब्रेऑफिस ड्रॉवर भागवायचं?

कागदी फॉर्म स्कॅन करून त्यावर टाइप करता येईल असा पीडीएफ बनवायचा असेल तर पर्याय बरेच आहेत, पण मी दोनच धरतोय कारण हे दोन्ही मी नीट वापरलेत. ऑनलाइन साइट्स बाजूला ठेवतोय, एखाददुसऱ्या फॉर्मला चालून जातात. अ‍ॅक्रोबॅटची पैसे देऊन घ्यायची आवृत्ती लागते, नुसत्या रीडरमध्ये फॉर्म भरता येतो पण बनवता येत नाही, आणि ड्रॉ फुकट आहे, एवढं तुम्हाला माहीत असेलच.

आधी स्कॅनचं बघा, कारण पुढची निम्मी डोकेदुखी तिथूनच येते. ३०० डीपीआय, ग्रेस्केल पुरतं. पण कागद सरळ हवा. अर्धा अंश जरी तिरका असला तरी १८० मिलिमीटरच्या रेघेचं एक टोक दुसऱ्यापेक्षा दीड मिलिमीटर खाली जातं, डोळ्याला फार जाणवत नाही पण फील्ड बसवताना नडतं. कमांडने चित्रं दुरुस्त करणारं इमेजमॅजिक असेल तर स्कॅन सरळ करायला ही एक ओळ पुरते:

```
magick scan.png -deskew 40% +repage form.png
```

आता अ‍ॅक्रोबॅट. Prepare Form उघडलं की ते स्वतःच रेघा आणि चौकोन शोधून फील्ड टाकतं, आणि पहिल्यांदा बघताना खरंच भारी वाटतं. अडचण अशी की स्कॅनमध्ये त्याला अक्षर आणि रेघ दोन्ही अंदाजानेच ओळखावं लागतं, त्यामुळे टेबलची बॉर्डरसुद्धा कधीकधी टेक्स्ट फील्ड होते, एखादा खरा चौकोन सुटतो, आणि छपाई नीट वाचता आली नाही तर नावं Text1 नाहीतर undefined_2 अशी पडतात. हे सगळं साफ करता येतं, त्याबद्दल फार तक्रार नाही. माझा निर्णय झाला तो टॅबच्या क्रमावर, म्हणजे भरताना टॅब दाबला की कोणत्या फील्डनंतर कोणतं येतं त्यावर.

एक नेहमीचा नमुना घ्या. एक पानाचा फॉर्म, वर नाव आणि त्याच ओळीत जन्मतारीख, मध्ये शेजारीशेजारी दोन चौकटी, डावीकडे सध्याचा पत्ता आणि उजवीकडे कायमचा पत्ता, प्रत्येकी चार ओळी, आणि खाली हो/नाही चे चेकबॉक्स. अ‍ॅक्रोबॅटमध्ये Order Tabs by Row निवडलं तर वरचं बरोबर येतं पण पत्त्यात डावी पहिली ओळ, मग उजवी पहिली, मग डावी दुसरी अशा उड्या सुरू होतात, भरणारा माणूस घर नंबर इकडे लिहितो आणि रस्ता तिकडे. by Column केलं तर पत्ते सुधारतात पण नावानंतर जन्मतारीख यायला अख्खी डावी बाजू संपावी लागते. म्हणजे असल्या मिश्र फॉर्मला दोन्ही तयार क्रम उपयोगाचे नाहीत. त्यात आपोआप टाकलेली फील्ड स्कॅनच्या रेघेला धरून बसतात, एक जरा वर एक जरा खाली, मग एकाच ओळीतली दोन फील्डसुद्धा by Row मध्ये उलटसुलट होऊ शकतात. शेवटी Order Tabs Manually करून यादीतली नावं एकेक ओढत बसायचं, आणि ती नावं Text14, Text15 असतील तर प्रत्येकावर क्लिक करून ते पानावर कुठे आहे ते शोधायचं. मोठ्या फॉर्मला हे फार कंटाळवाणं होतं.

ड्रॉमध्ये सोय अशी काहीच नाही, सगळं हातानेच काढायचं, आणि गंमत म्हणजे मला तेच सोपं गेलं. पान ए४, मार्जिन शून्य, स्कॅन २१० बाय २९७ मिलिमीटर करून बरोबर कोपऱ्यात बसवायचा आणि F4 दाबून त्याची पोझिशन आणि साइज प्रोटेक्ट करायची, नाहीतर फील्ड ओढताना मागचं चित्रच सरकतं. मग Design Mode चालू करून टेक्स्ट बॉक्स काढायचे. त्याच F4 मध्ये एका ओळीतल्या सगळ्यांना Y चा एकच आकडा द्यायचा, की ओळ सरळ. नाव मी तिथल्या तिथे देतो आणि नावातच नंबर ठेवतो: 010_name, 020_dob, 110_cur1, 120_cur2, 210_perm1 असं. मध्ये जागा सोडली की नंतर एखादं फील्ड घुसवता येतं.

फॉर्म डिझाइन टूलबारवर Activation Order म्हणून बटण आहे, ते उघडलं की हीच नावं यादीत दिसतात आणि नंबर बघून वरखाली करायची, पानाकडे बघावंच लागत नाही. नवीन फील्ड नेहमी यादीच्या शेवटी जातं, ते तेवढं उचलून जागेवर न्यायचं. फक्त तिथलं Automatic Sort दाबू नका, ते पानावरची जागा बघून क्रम लावतं आणि हाताने लावलेलं जातं. मग पीडीएफ एक्स्पोर्ट करताना Create PDF form वर टिक. पुढे काही बदलायचं झालं तर .odg मध्येच बदलायचं आणि पुन्हा एक्स्पोर्ट करायचं, ती फाइल जपून ठेवा.

कॉपी पेस्टचं एक ध्यानात ठेवा. ड्रॉमध्ये टेक्स्ट बॉक्स कॉपी केला की नावही कॉपी होतं, आणि एक्स्पोर्टमध्ये Allow duplicate field names चालू असेल तर एका फील्डमध्ये लिहिलेलं त्याच नावाच्या दुसऱ्यातही उमटतं. सध्याचा पत्ता भरला की कायमचा आपोआप भरतोय असं दिसलं तर कारण हेच.

आता अ‍ॅक्रोबॅटच्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायलाच हव्यात. जन्मतारखेला आठ छोटे चौकोन छापलेले असतील तर तिथे एकच फील्ड काढून Options मध्ये बाकीच्या टिक काढायच्या आणि Comb of 8 characters करायचं, प्रत्येक आकडा आपापल्या चौकोनात बसतो. ड्रॉमध्ये हे नाही, आठ वेगळी फील्ड काढली तर आठ वेळा टॅब दाबावा लागतो, म्हणून मी छापील चौकोनांवर पांढरा आयत ठेवून एकच फील्ड देतो, दिसायला तेवढं छान नाही पण भरायला बरं. दुसरं चेकबॉक्सचं. अ‍ॅक्रोबॅटमध्ये बॉर्डर आणि रंग काढला की टिक थेट छापील चौकोनातच दिसते, आणि हो/नाही ला एकच नाव आणि वेगवेगळी एक्स्पोर्ट व्हॅल्यू दिली की एकावेळी एकच निवडता येतं. ड्रॉच्या चेकबॉक्सला स्वतःचं लेबल आणि चौकोन असतो, लेबल रिकामं करायचं आणि खालचा छापील चौकोन झाकायचा, नाहीतर दोन दिसतात. हो/नाही ला तिथे ऑप्शन बटण वापरलेलं बरं.

त्यामुळे पानं बरीच असतील, पॅन किंवा खाते क्रमांकासारखे चौकोनच चौकोन असतील आणि प्रो आधीपासून हाताशी असेल तर ते वापरा, मी आग्रह करणार नाही. पण एकदोन पानांचा फॉर्म असेल, त्यात शेजारीशेजारी चौकटी असतील, तर माझ्या मते ड्रॉच बरं पडतं, आपोआप आलेलं निस्तरण्यापेक्षा आपण काढलेलं लवकर होतं.

कशातही बनवा, वाटायच्या आधी एक करून बघा. फाइल उघडून पहिल्या फील्डमध्ये क्लिक करा आणि मग माउस सोडून द्या. टॅब दाबत जा आणि प्रत्येक फील्डमध्ये १, २, ३ असे आकडे टाकत जा, चेकबॉक्सवर स्पेस दाबा. शेवटी पानाकडे बघितलं की आकडे कुठे उडी मारतात ते लगेच दिसतं आणि एखाद्या फील्डमध्ये आकडाच नसेल तर तिथे टॅब पोचतच नाहीये. हेच एकदा रीडरमध्ये आणि एकदा ब्राउझरमध्ये करा, आणि फॉर्म मराठीत भरला जाणार असेल तर एकदा ‘ज्ञानेश्वर’ सारखं जोडाक्षराचं नाव टाइप करून ते प्रिंट प्रिव्ह्यूमध्येही नीट दिसतंय ना ते बघा.