मणक्याचं फ्रॅक्चर: उंची बघावी की एंडप्लेट?

ऑस्टिओपोरोसिसच्या रुग्णाचा लॅटरल एक्स-रे वाचताना मणक्याचं फ्रॅक्चर ठरवायला जेनंट पद्धत धरावी की एबीक्यू, म्हणजे अल्गोरिदमवर आधारलेली गुणात्मक पद्धत, असं एका ज्युनिअर रेसिडेंटने विचारलं.

जेनंटचा भर उंचीवर. मणक्याची पुढची, मधली किंवा मागची उंची २० ते २५ टक्के घटली तर सौम्य, ४० टक्क्यांपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. शिकायला सोपी, कामही झटपट. एबीक्यू आधी बघते ते एंडप्लेटचा, म्हणजे मणक्याच्या वरच्या-खालच्या सपाट पृष्ठभागाचा, मधला भाग खचलाय का. त्याला नजर तयार व्हावी लागते.

खरी गोची सौम्य ग्रेडला होते. समजा छातीच्या आठव्या मणक्याची, डी८ची, मागची उंची २४ मिमी, पुढची १९. घट सुमारे २१ टक्के. नुसत्या आकड्यावर गेलात तर जेनंटनुसार फ्रॅक्चर. पण दोन्ही एंडप्लेट शाबूत आहेत आणि शेजारचे डी७, डी९सुद्धा तसेच पुढे निमुळते. एबीक्यू याला फ्रॅक्चर म्हणणार नाही, आणि मलाही तेच पटतं. छातीच्या मधल्या मणक्यांना थोडा उतार मुळातच असतो. एक्स-रेचा बीम तिरका जाऊन एंडप्लेट दुहेरी दिसत असेल, तर मात्र दोन्ही पद्धती फसतात.

तीव्रता नोंदवायची किंवा जुन्या फिल्मशी ताडून बघायचं असेल तर जेनंट घ्या. किंचित उतरता मणका खरंच मोडलाय का, हा प्रश्न असेल तर एबीक्यू.