५ व्होल्टचे पंखे १२ व्होल्टच्या हेडरवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत पीसी नव्याने जुळवला, तेव्हा बोर्डावरची लाइटिंगची दोन्ही हेडर वापरायची हे आधीच ठरलं होतं. कॅबिनेटबरोबर आलेले तीन एआरजीबी पंखे ५ व्होल्टच्या तीन पिनांवर लावले आणि जुन्या पीसीतली साधी आरजीबी पट्टी १२ व्होल्टच्या चार पिनांवर. पहिले पाच महिने सगळं सुरळीत चाललं. सहाव्या महिन्यात मी ही दोन हेडर एकमेकांत मिसळली. त्यात दोन नवे पंखे गेले आणि बोर्डालाही इजा झाली. कोणाला नवे पंखे लावायचे असतील तर त्याआधी हे वाचावं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी दोन्हींमधला फरक, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चार पिनांच्या हेडरवर एका पिनेला कायम १२ व्होल्ट असतात आणि उरलेल्या तीन हिरवा, लाल, निळा अशा रंगांच्या असतात. या रंगाच्या पिना वीज देत नाहीत. बोर्डावरचा मॉस्फेट नावाचा छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच ती पिन ग्राउंडला जोडतो, म्हणजे परतीची वाट उघडतो, आणि तो रंग लागतो. पूर्ण पट्टी त्यामुळे एका वेळी एकाच रंगाची दिसते. तीन पिनांच्या हेडरवर मात्र ५ व्होल्ट, डेटा आणि ग्राउंड असतात, मधली एक जागा रिकामी. पंख्यातल्या प्रत्येक एलईडीच्या पोटात एक चिमुकली चिप असते. ती डेटातून आपल्या रंगाचे पहिले २४ बिट उचलते आणि उरलेलं पुढच्या एलईडीकडे ढकलते. पंख्यावर रंग फिरताना दिसतात ते यामुळेच, आणि साखळीतला एक एलईडी मेला तर त्याच्या पुढचे सगळे अंधारात जातात तेही यामुळेच.

रोजच्या वापरात मला एआरजीबी जास्त आवडलं. तापमानानुसार रंग बदलायचा तर तेच हवं. पट्टीचं काम मी फक्त पांढऱ्या उजेडापुरतं ठेवलं होतं. रात्री कॅबिनेटच्या आतलं नीट दिसायचं आणि ते पुरेसं होतं.

एप्रिलमध्ये धूळ काढताना ती पट्टी काढून ठेवली आणि त्याच दिवशी समोरच्या बाजूला दोन नवे एआरजीबी पंखे बसवले. दोन्ही एका स्प्लिटरवर जोडले. माझ्या बोर्डावर ही दोन हेडर खालच्या काठाला शेजारी-शेजारी आहेत, ग्राफिक्स कार्डाच्या सावलीत. ५ व्होल्टवर आधीचे पंखे होतेच, त्यामुळे जे हेडर रिकामं दिसलं त्यात मी स्प्लिटर बसवला. तो सहज बसला. चांगल्या एआरजीबी प्लगमध्ये रिकाम्या जागेचं भोक बुजवलेलं असतं, म्हणून तो चार पिनांवर चढतच नाही. माझ्या स्प्लिटरला चारही भोकं उघडी होती, अडवायला काहीच नव्हतं.

बटण दाबलं. दोन्ही पंखे निळसर पांढऱ्या रंगात डोळे दिपतील इतके चमकले, दोनेक सेकंदांत विझले आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. मी मागचा स्विच बंद केला. नंतर पुन्हा चालू केल्यावर पंखे फिरत होते, कारण मोटरची वायर वेगळी असते, पण उजेड कायमचा गेला होता.

नेमकं काय झालं ते पिना समोरासमोर ठेवल्यावर कळलं. पंख्याची ५ व्होल्टची तार १२ व्होल्टवर, डेटाची तार हिरव्याच्या पिनेवर, मधलं भोक लालवर आणि ग्राउंड निळ्याच्या पिनेवर. या पंख्यांत सहसा असतात त्या डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या एलईडीला ५.३ व्होल्टपर्यंतच चालतं. त्यांना १२ मिळाले. पण वीज वाहायला परतीची वाट लागते, आणि इथे ती वाट म्हणजे निळ्याचा मॉस्फेट. सेटिंगमध्ये रंग पांढरा राहिलेला असल्यामुळे तो पूर्ण उघडा होता. फक्त लाल ठेवलेला असता तर कदाचित लगेच काहीच झालं नसतं, आणि निळा लागण्याची पाळी आली त्या दिवशी पंखे जळले असते. ‘लावल्यावर पेटलं नाही, म्हणजे नुकसान नाही’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा आहे.

दुसरं नुकसान पट्टी परत लावल्यावर दिसलं. लाल सांगितला तर जांभळट गुलाबी, हिरवा सांगितला तर आकाशी, आणि सगळे रंग बंद केले तरी निळा लागलेलाच. दुरुस्तीवाल्याकडे बोर्ड नेला. भिंगाखाली पाहून तो म्हणाला, “साहेब, बाकी बोर्ड शाबूत आहे, फक्त निळा चिकटलाय.” जळलेल्या चिपांतून जास्तीचा प्रवाह गेला आणि निळ्याचा मॉस्फेट शॉर्ट झाला, म्हणजे वाट कायमची उघडी राहिली. त्याने तो तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बदलून दिला आणि पट्टीचे रंग सुधारले. निळा उलट कधीच लागला नसता, तर तो मॉस्फेट तुटलाय असं समजायचं.

उलटी चूक फारशी महाग पडत नाही. १२ व्होल्टची पट्टी ५ व्होल्टच्या हेडरवर लावली तर सहसा ती नुसती पेटत नाही. त्या पट्टीत तीन-तीन एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात, निळ्याला प्रत्येकी साधारण तीन व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांना मिळून नऊ. पाचात ते उठत नाहीत. धोका आहे तो चार उघड्या भोकांचा एआरजीबी प्लग त्याच्या स्वतःच्याच हेडरवर उलटा बसवण्यात. मग व्होल्टेज बरोबर असूनही ५ व्होल्ट आणि ग्राउंडची अदलाबदल होते आणि चिपा जातात. बोर्डावरचा बाण आणि प्लगवरचा बाण जुळवणं एवढ्यासाठीच.

आता मी लावण्याआधी मीटर धरतो. पीसी चालू, काळी कांडी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या स्क्रूवर, लाल कांडी बाणाच्या पिनेवर, शेजारच्या पिनेला न टेकवता. १२ आले की ५ व्होल्टचं काही जवळ आणायचं नाही. छापलेल्या नावावरूनही ओळखता येतं: एमएसआयवर जेआरजीबी म्हणजे १२ आणि जेरेनबो म्हणजे ५, एएसरॉकवर ‘अॅड्रेसेबल’चं संक्षिप्त रूप असलेलं हेडर ५ चं. पण कार्डाखालच्या अंधारात ती अक्षरं वाचता येत नाहीत, माझं तिथेच चुकलं. मोजून झालं की पीसी बंद करायचा, मागचा स्विचही बंद, आणि समोरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज काढायची. काही बोर्डांवर पीसी बंद असतानाही लाइटिंगला वीज जात असते.

नव्याने घेतलेले दोन पंखे आता भोक बुजवलेल्या स्प्लिटरवर, आधीच्या तिघांबरोबरच ५ व्होल्टवर आहेत. प्रत्येकात आठ एलईडी, म्हणजे चाळीस. पूर्ण पांढऱ्या उजेडाला एका एलईडीचे जास्तीत जास्त ६० मिलीअँपिअर धरले तर २.४ अँपिअर होतात. माझ्या हेडरची मर्यादा ३ अँपिअर आहे आणि सहाव्या पंख्याने ती जवळजवळ गाठली जाईल, म्हणून तो मी इथे लावणार नाही, तो सॅटाची वेगळी वीज घेणाऱ्या हबवर जाईल. १२ व्होल्टच्या हेडरभोवती बोर्डाच्या काठावर पांढऱ्या नेलपॉलिशची रेघ ओढली आहे. ती कार्डाच्या सावलीतही दिसते.