पांढरे पीटीचे बूट: पाच महिने पॉलिश आणि खडू, दोन्ही वापरून

लेक सहावीत आहे. पीटी बुधवारी आणि शनिवारी, पण खो-खोमुळे कॅनव्हासचे बूट आठवड्यातून चार दिवस तरी पायात असतात. सोलापूरची काळी माती त्यांच्यावर कशी बसते, ते इथल्या आयांना सांगायला नको.

जूनमध्ये स्पंजवाल्या बाटलीतलं पांढरं पॉलिश आणलं. दिसायला सुरेख, हाताला लागत नाही, पावसाच्या चार थेंबांनाही दाद देत नाही. पण मी दर आठवड्याला आधीच्याच थरावर नवा थर देत गेले. तिसऱ्या थरानंतर बोटांपाशी बूट जिथे दुमडतो तिथे भेगा पडल्या. बूट वाकवल्यावर पांढरे पापुद्रे गळाले की समजायचं, आता पॉलिश नको, धुणं हवं.

मग सासूबाईंनी खडू सुचवला. दोन खडू कुटून मलमलच्या फडक्यातून चाळायचे, दोन चमचे पाणी घालून दह्याइतकं दाट कालवायचं आणि ओलसर बुटावर जुन्या टूथब्रशने लावायचं. वाळल्यावर बूट अगदी कोरे दिसतात. पण खडूला धरून ठेवणारं काही नसतं, त्यामुळे दुपारपर्यंत मोज्यांवर आणि बाकाखाली भुकटी. सासूबाईंचं माहेर यंत्रमागवाल्यांचं, त्या म्हणाल्या, "सुताला खळ देतात तशी यालाही दे." चमचाभर भाताची पातळ पेज घातली, तर खडू खरंच दोन दिवस टिकला. पावसाळ्यात मात्र बुटांना आंबूस वास आला, म्हणून पेज फक्त कोरड्या हवेतच.

खरा धडा मिळाला तो जुलैत. साबणाने धुतलेले बूट गच्चीवर कडक उन्हात ठेवले आणि सोलच्या कडेने पिवळे पट्टे उमटले. दोष पॉलिशचा नव्हता, कापडात राहिलेल्या साबणाचा होता. वरून पॉलिश लावलं तरी पिवळेपणा खालून डोकावत राहिला. पुन्हा धुतले, फेस येईनासा होईपर्यंत खळबळले, शेवटच्या तांब्याभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घातलं. आत जुनं फडकं कोंबलं, बाहेरून पांढरे टिश्यू पेपर चिकटवले आणि सावलीत वाळवले. पिवळं सगळं कागदावर उतरलं. तो कागद मी लेकीला मुद्दाम दाखवला.

आता शनिवारी शाळा सुटली की नाड्या काढते. चिखल ओला असेल तर हात लावत नाही. ओला घासला की तो विणीत शिरतो. वाळल्यावर ब्रशने झाडते. एका शनिवारी नुसतं झाडायचं, पुढच्या शनिवारी धुवायचं. रविवारी बूट किंचित ओलसर करून पॉलिशचा एकच पातळ हात. ओलसर कापडावर ते सारखं पसरतं, डाग दिसत नाहीत. मंगळवारी रात्री पुढच्या टोकावर मळ दिसला तर तेवढ्याच जागी खडू. बुधवारी सकाळी बूट एकमेकांवर दोनदा आपटते, सुटी भुकटी दारातच पडते.