चित्रपुस्तकाची ‘प्रिंट-रेडी’ फाइल: पैसे देण्याआधी आठ कागद दुमडून पाहा

मालवणच्या एका शिक्षिकेने रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायच्या मोठ्या जाळ्यात, सापडलेल्या कासवाची गोष्ट लिहिली, साधारण सहाशे शब्दांची. तिचं चित्रपुस्तक करून देतो म्हणणारा मांडणीकार ओळखीतूनच मिळाला. बोली अशी ठरली: बत्तीस पानं, सोळा जोडपानं, प्रत्येक जोडपानावर एक प्रसंग, निम्मे पैसे आधी. मोबाइलवर पीडीएफ आली ती देखणी होती. बाईंनी उरलेले पैसे दिले, फाइल छापखान्यात गेली आणि पहिली नमुनाप्रत हातात आल्यावर घोळ दिसला. प्रत्येक चित्राचा डावा अर्धा एका पानावर होता आणि उजवा अर्धा पान उलटल्यावर मागे. दोरी ओढणारी माणसं एका पानावर, दोरी दुसऱ्या पानावर.

कारण साधं आहे. मराठी पुस्तकात पान १ नेहमी उजवीकडे, एकटं येतं. समोरासमोरच्या जोड्या २-३, ४-५ अशा सुरू होऊन ३०-३१ वर संपतात आणि ३२ पुन्हा एकटं उरतं. म्हणजे बत्तीस पानांत पुरी जोडपानं पंधराच. त्यातही १ वर शीर्षक, २-३ वर प्रकाशनाची माहिती आणि अर्पण गेलं, की गोष्टीला चौदा जोडपानं आणि शेवटचं एक सुटं पान मिळतं. सोळा जोडपानं बत्तिसात बसतच नाहीत. पिनबांधणीत पानं चाराच्या पटीतच वाढतात, तेव्हा सोळा प्रसंग हवेच असतील तर छत्तीस पानं धरावी लागतात, कागदाचा खर्चही वाढतो. चित्रपुस्तकं करणाऱ्याला हे पहिल्याच बैठकीत सांगता आलं पाहिजे. हा गृहस्थ पुस्तकाचे पैसे घेऊन सोळा रुंद चित्रं देत होता. छापखान्याने ती मधोमध कापून पान १ पासून लावली, एवढंच.

हे पैसे देण्याआधी पकडता येतं. ए-फोर आकाराचे आठ कोरे कागद एकात एक घालून मधोमध दुमडा. बत्तीस पानांची डमी तयार होते. पानांवर आकडे घाला आणि मांडणीकाराने पाठवलेली लहान कच्ची चित्रं त्याच्याकडूनच पान-क्रमांकानिशी मागून चिकटवा. क्रमांक देताना तो गडबडला, की समजा.

डमी उलटताना दुसरी चूकही दिसते. या गोष्टीत रापण जड लागते, पोरगी ओरडते, “ह्यो मासो न्हय गो!”, आणि मग कासव दिसतं. ते वाक्य उजव्या पानाच्या शेवटी आणि कासव पान उलटल्यावर यायला हवं. मांडणीकाराने मजकूर मोजून चाळीस-चाळीस शब्दांना कापला होता, त्यामुळे ओरडणं आणि कासव एकाच जोडपानावर आलं. मुलाची नजर आधी चित्रावर जाते, मग विचारायला उरलंच काय? ‘एक प्रसंग, एक जोडपान’ म्हणजे समान शब्द नव्हेत. एखाद्या जोडपानावर एकच ओळ असू शकते.

वरच्या दोन चुका एखादा अडाणीपणावर खपवेल, पण तिसरी गोष्ट उघड लबाडी होती. पुस्तक साडेआठ इंच चौरस, म्हणजे जोडपान सतरा इंच रुंद. छपाईला इंचाला तीनशे पिक्सेल धरले तर चित्र ५१०० पिक्सेल रुंद हवं, शिवाय कापणीसाठी चारही बाजूंना तीन मिलिमीटर जास्तीची जागा. मूळ चित्रं १९२० पिक्सेलची होती, सतरा इंचांवर इंचाला जेमतेम ११३. त्याने ती ताणून ५१०० केली. फाइलची माहिती पाहिली तर आकडा बरोबर दिसतो, म्हणून आकड्यावर जाऊ नका. संगणकावर चित्र शंभर टक्के आकारात उघडा आणि बारीक रेषा बघा, इथे रापणीचं जाळं. ताणलेल्या चित्रात धाग्यांच्या कडा धुरकट होतात, जाळ्याची भोकं एकमेकांत मिसळतात. मोबाइलच्या पडद्यावर हे कधीच कळत नाही, आणि पीडीएफ मोबाइलवरच पाठवली जाते ती उगाच नाही.

अक्षरंही चित्रातच रंगवलेली होती. पीडीएफमधला एखादा शब्द निवडून पाहिला असता तर ते तेव्हाच कळलं असतं. बाईंना दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे होते, तर त्याने प्रत्येक जोडपानाचे वेगळे पैसे मागितले.

म्हणून पैशांचे तीन हप्ते करा. पहिला क्रमांकांसह डमी मिळाल्यावर, दुसरा एक पुरं रंगवलेलं जोडपान खऱ्या आकारात कागदावर छापून पाहिल्यावर. तिसरा मात्र मांडणीची मूळ फाइल, त्यातला मजकूर बदलता येईल अशा रूपात, आणि सगळी चित्रं वेगळी हातात आल्यावरच. ‘मूळ फाइल आम्ही देत नाही’ असं उत्तर आलं तर ते बोली ठरताना यावं, शेवटच्या हप्त्याला नव्हे.